‘स्मोकिंग इज बॅड’ की ‘टू स्मोक इज बॅड’? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. वाक्याच्या सुरुवातीलाच क्रिया आली की ती कशी लिहायची, आयएनजी लावून की टू लावून, हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक वहीत दिसतो. खालचे प्रश्न मुलांनी आणि काही पालकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण यातलं बरंचसं कानानेच कळतं.

दोन्हींपैकी बरोबर कोणतं?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत. पण इंग्रजी बोलणारा माणूस रोजच्या बोलण्यात ‘स्मोकिंग इज बॅड’ म्हणेल, नाहीतर ‘इट इज बॅड टू स्मोक’ म्हणेल. ‘टू स्मोक इज बॅड’ त्याच्या तोंडी सहसा येणार नाही. ते जुन्या म्हणीसारखं, जड वाटतं.

म्हणजे आयएनजीचं रूप वाक्याच्या पुढच्या जागेवर बसतं आणि टूचं रूप मागे. टू मागे गेल्यावर पुढची जागा रिकामी राहते आणि इंग्रजीला ती रिकामी चालत नाही, म्हणून तिथे ‘इट’ येतं. या ‘इट’चं मराठीत भाषांतर करायला जाऊ नका. ‘ते वाईट आहे ओढणं’ असं आपण म्हणत नाही. ‘इट’ फक्त जागा धरून बसलेलं असतं, बसच्या सीटवर ठेवलेल्या रुमालासारखं.

याचा एखादा नेहमी दिसणारा नमुना आहे का?

आहे, आणि तो तुम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालणारे केंद्राचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. त्या नियमांप्रमाणे अशा जागी पांढऱ्या रंगावर, किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावावा लागतो. त्यावरचा इंग्रजी मजकूर असा: ‘नो स्मोकिंग एरिया – स्मोकिंग हिअर इज ॲन ऑफेन्स’.

शाळेच्या सहलीला निघताना आम्ही एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. नववीतली एक मुलगी त्या फलकाकडे बघत म्हणाली, “मॅडम, स्मोकिंगच्या मागे हिअर कसं आलं? स्मोकिंग जर नाम आहे, तर ‘टेबल हिअर इज’ असं पण चालेल का?” इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

तिचं उत्तर हेच या विषयाचं मर्म आहे. हे आयएनजीचं रूप बाहेरून नाम असतं आणि आतून क्रियापद. बाहेरून नाम, म्हणून ते ‘इज’च्या आधी कर्त्याच्या जागी बसतं. आतून क्रियापद, म्हणून क्रियापदाला जे जे जोडता येतं ते त्यालाही जोडता येतं: कुठे, कधी, काय, कसं. ‘स्मोकिंग हिअर’, ‘स्मोकिंग बिडीज’, ‘स्मोकिंग आफ्टर डिनर’. हा सगळा गठ्ठा मिळून एक कर्ता होतो. ‘द टेबल हिअर’ म्हणजे ‘इथलं टेबल’ असं म्हणता येतं, पण टेबलला ‘काय’ किंवा ‘कसं’ जोडता येत नाही, कारण त्याच्या आत क्रियापद नाही. या रूपाला इंग्रजी व्याकरणात जेरंड म्हणतात आणि टूच्या रूपाला इन्फिनिटिव्ह. नावं परीक्षेपुरती लक्षात ठेवा. गठ्ठा मात्र कायम लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

सिगारेटच्या पाकिटावरची जुनी सूचनाही आठवत असेल. १९७५ च्या कायद्याने ती छापणं सक्तीचं झालं होतं: ‘सिगारेट स्मोकिंग इज इंज्युरियस टू हेल्थ’. तिथेही सुरुवातीला आयएनजीच. कायदा लिहिणाऱ्यांना कमी जागेत ठाम विधान करायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीत हेच रूप सरळ पडतं.

मराठीत ‘ओढणं’ हे एकच रूप आहे. मग इंग्रजीत दोन कशाला?

मराठीतही एकच नाही. आपण लक्ष देत नाही एवढंच. ही दोन वाक्यं बघा:

केळी लावणं खर्चाचं आहे.
केळी लावायला पाणी लागतं.

पहिल्यात ‘लावणं’ आहे आणि ते खर्चाचं आहे, म्हणजे ते कर्ता आहे. दुसऱ्यात ‘लावायला’ आहे. पाणी कशासाठी लागतं ते त्यातून कळतं. कर्ता तिथे पाणी आहे. कर्त्याच्या जागी ‘-णं’ आणि हेतूच्या जागी ‘-यला’ हा फरक आपण बोलताना कधीच चुकत नाही. घरी अहिराणी बोलणारी मुलंही चुकत नाहीत. तिथे ‘ण’चा ‘न’ होऊन ‘करनं’, ‘खानं’ असं होतं, पण काम तेच.

मग वर्गात मी एक साधी खूण देते. मनात आलेलं मराठी वाक्य ‘-णं’ने सुरू होत असेल तर इंग्रजीत आयएनजी लिहा. ‘-यला’ किंवा ‘-ण्यासाठी’ने सुरू होत असेल तर टू लिहा. ‘प्लँटिंग बनानाज इज एक्स्पेन्सिव्ह’. ‘टू प्लँट बनानाज, यू नीड वॉटर’.

हे साम्य वरवरचं नाही. आपलं ‘-णं’ नामासारखं विभक्तीही घेतं: ओढण्याने, ओढण्याचा, ओढण्यापासून. इंग्रजीतही ‘बाय स्मोकिंग’, ‘ऑफ स्मोकिंग’, ‘फ्रॉम स्मोकिंग’ असंच होतं. ‘बाय टू स्मोक’ कधीच होत नाही. नामाची कामं आयएनजीला जमतात, टूला फारशी जमत नाहीत. म्हणूनच कर्त्याच्या जागी आयएनजी शोभतं आणि टू अवघडतं.

खुणेला एक मर्यादा आहे. ‘ओढणं वाईट’चं इंग्रजी ‘इट इज बॅड टू स्मोक’ असंही होतं, म्हणजे ‘-णं’ असूनही टू. पण तिथे टू मागे आहे. खूण फक्त वाक्याच्या पहिल्या शब्दासाठी आहे.

टू पुढे अवघडतं हे ओळखायचं कसं?

वाक्याचा प्रश्न करून बघा. ‘स्मोकिंग इज बॅड’चा प्रश्न ‘इज स्मोकिंग बॅड?’ सहज झाला. आता ‘टू स्मोक इज बॅड’चा करा: ‘इज टू स्मोक बॅड?’ हे इंग्रजीत चालत नाही. तिथे ‘इज इट बॅड टू स्मोक?’ असंच म्हणावं लागतं.

प्रश्न करताना ‘इज’ कर्त्याच्या पुढे उडी मारतं. कर्ता नामासारखा घट्ट असेल तर ही उडी जमते, आयएनजीचा गठ्ठा तसा घट्ट असतो. टूचा गठ्ठा वाक्याच्या मधोमध अडकला की ऐकणाऱ्याला सुटा करता येत नाही. मला ही परीक्षा सगळ्यात भरवशाची वाटते, कारण तिच्यासाठी नियम पाठ असावा लागत नाही.

पण ‘टू अर इज ह्यूमन’ असं पुस्तकात आहे. ते चूक कसं?

चूक नाहीच. ‘चुकणं हा माणसाचा धर्म’ या अर्थाचं हे वचन आज ज्या शब्दांत ओळखलं जातं ते इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांच्या १७११ सालच्या कवितेतलं. तीनशे वर्षांपूर्वीची ती कवितेची भाषा आहे. म्हणी आणि वचनं जुना पोशाख टिकवून ठेवतात, आपल्याकडेही ‘केल्याने होत आहे रे’ आपण बोलताना म्हणत नाही. या वचनाच्या साच्यावरून ‘टू ईट इज गुड’ अशी वाक्यं पाडायला लागलं की बिघडतं.

पण टू पुढे घ्यावं असे दोन प्रसंग खरोखर आहेत.

पहिला: गोष्ट घडलेली नाही, फक्त मनात चालली आहे. कापूस घरात भरून ठेवला आहे, भाव पडला आहे आणि आज विकावा की थांबावं यावर ओसरीवर चर्चा चालली आहे. वडील म्हणतात, “आत्ता विकणं म्हणजे स्वतःच्या हाताने तोटा करून घेणं.” हे इंग्रजीत ‘टू सेल नाऊ वुड बी अ मिस्टेक’ असं छान होतं. त्यातलं ‘वुड’ बघा. विकलेलं नाही, विकलं तर काय होईल ते चाललं आहे. इथे ‘सेलिंग नाऊ वुड बी अ मिस्टेक’ हेही चालतं. पण ‘कापूस विकणं सोपं राहिलं नाही’ हे दरवर्षीच्या अनुभवाचं वाक्य असेल तर ‘सेलिंग कॉटन इज नो लाँगर ईझी’ असंच लिहा. अनुभवाला, सवयीला, नेहमीच्या कामाला आयएनजी. अजून न घडलेल्याला, कल्पनेतल्या एकेका कृतीला टू शोभू शकतं.

दुसरा प्रसंग स्वप्न, ध्येय, इच्छा यांचा. ‘टू बिकम अ नर्स इज माय ड्रीम’ हे बरोबर आहे. पण अशा वाक्यात मी मुलींना उलटं लिहायला सांगते: ‘माय ड्रीम इज टू बिकम अ नर्स’. स्वप्न पुढे, टू मागे. अर्थ तोच, वाक्य हलकं.

‘रोस्टिंग ब्रिंजल्स इज’ की ‘रोस्टिंग ब्रिंजल्स आर’?

‘इज’. यात सगळ्यात जास्त मुलं चुकतात, कारण कानाला शेवटचा शब्द ‘ब्रिंजल्स’ ऐकू येतो, तो अनेकवचनी आहे आणि हात आपोआप ‘आर’ लिहितो.

इथे पुन्हा मराठीलाच विचारा. हिवाळ्यात भरताची वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात. आपण काय म्हणतो? ‘वांगी भाजणं सोपं नाही.’ ‘वांगी भाजणं सोपी नाहीत’ असं कुणीच म्हणत नाही. वांगी पन्नास असोत, भाजणं एकच आहे. ‘सोपं’ हे नपुंसकलिंगी एकवचन ‘भाजणं’शी जुळलं, वांग्यांशी नाही. इंग्रजीतही तसंच: ‘रोस्टिंग ब्रिंजल्स इज नॉट ईझी’. मघाचा गठ्ठा इथे कामाला येतो. ‘रोस्टिंग ब्रिंजल्स’ हा एक गठ्ठा आहे, आत कितीही वांगी असली तरी.

दोन वेगवेगळ्या क्रिया ‘अँड’ने जोडल्या आणि त्या वेगळ्याच मोजायच्या असतील तर ‘आर’ येतं: ‘ड्रायव्हिंग अँड स्विमिंग आर डिफरंट स्किल्स’.

‘टू’ने सुरू झालेलं प्रत्येक वाक्य संशयास्पद समजायचं का?

नाही. ‘टू सेव्ह वॉटर, माय फादर यूझेस ड्रिप’ हे उत्तम वाक्य आहे. ‘पाणी वाचवण्यासाठी बाबा ठिबक वापरतात.’ इथे ‘टू सेव्ह वॉटर’ कर्ता नाहीच, कर्ता ‘माय फादर’ आहे. ओळखायची खूण स्वल्पविराम. टूचा गठ्ठा संपल्यावर स्वल्पविराम आला आणि पुढे नवा कर्ता आला की तो हेतू. स्वल्पविराम न येता थेट ‘इज’ किंवा ‘वुड’ आलं की तो गठ्ठाच कर्ता.

आयएनजीलाही हेच लागू आहे. ‘वॉकिंग टू द फार्म, आय सॉ अ स्नेक’ यात साप पाहणारा ‘आय’ आहे, ‘वॉकिंग’ कर्ता नाही. ‘वॉकिंग टू द फार्म टेक्स ट्वेंटी मिनिट्स’ यात मात्र आहे.

‘डूइंग स्मोकिंग इज बॅड’ असं लिहिलं तर?

इथे आपली मराठी आडवी येते. ‘धूम्रपान करणं’, ‘शेती करणं’, ‘मदत करणं’, ‘अभ्यास करणं’: आपण नामाला ‘करणं’ जोडून क्रिया तयार करतो आणि मग त्या ‘करणं’चंही भाषांतर करतो. इंग्रजीत ती क्रिया एकाच शब्दात असते. शेती करणं म्हणजे ‘फार्मिंग’, मदत करणं म्हणजे ‘हेल्पिंग’, अभ्यास करणं म्हणजे ‘स्टडीइंग’. ‘डूइंग’ खोडून टाका.

याच्या उलट काही जण काहीच न लावता ‘स्मोक इज बॅड’ लिहितात. त्याचा अर्थ ‘धूर वाईट’ असा होतो. चुलीच्या धुराबद्दल लिहायचं असेल तर तेही खरंच आहे, पण बिडी ओढण्याबद्दल ते काही सांगत नाही. ‘ईट टू मच इज बॅड’ला तर काही अर्थच राहत नाही, कारण साधं क्रियापद कर्त्याच्या जागी बसू शकत नाही. आणि सर्वसाधारण विधानात पुढे ‘द’ नको: ‘द स्मोकिंग इज बॅड’ नाही.

‘त्याचं ओढणं’ कसं म्हणायचं?

मराठीसारखंच. ‘त्याचं रोज उशिरा येणं आईला आवडत नाही’ म्हणजे ‘हिज कमिंग लेट एव्हरी डे अपसेट्स हिज मदर’. ‘त्याचं’ला ‘हिज’. टूचं रूप घेतलं तर ‘फॉर हिम टू कम लेट’ असं लांबण लावावं लागतं आणि तेही ‘इट’ घेऊन मागे टाकलेलं बरं. नकार हवा असेल तर ‘नॉट’ गठ्ठ्याच्या अगदी पुढे ठेवा: ‘नॉट स्लीपिंग इनफ इज हार्मफुल’, म्हणजे पुरेसं न झोपणं अपायकारक आहे.

एखादा परिच्छेद दुरुस्त करून दाखवाल का?

रावेरकडच्या एका विद्यार्थ्याने ‘माय फादर्स फार्म’ या विषयावर लिहिलेला हा परिच्छेद. त्याच्या परवानगीने घेतला आहे:

‘टू ग्रो बनानाज इज माय फादर्स वर्क. ग्रोइंग बनानाज आर नॉट ईझी. गिव्ह वॉटर डेली इज नेसेसरी. टू सेव्ह वॉटर, माय फादर यूझेस ड्रिप. डूइंग हेल्प टू माय फादर इज माय हॉबी. टू लीव्ह धिस फार्म वुड बी व्हेरी सॅड.’

पहिलं वाक्य. वडिलांचं काम रोजचं आहे, म्हणून टू नको. पण नुसतं ‘ग्रोइंग बनानाज इज माय फादर्स वर्क’ करून मी थांबले नाही. त्याला विचारलं, “तू घरी हे कसं सांगशील?” तो म्हणाला, “माझे बाबा केळी पिकवतात.” मग तेच लिही: ‘माय फादर ग्रोज बनानाज’. माणूस कर्ता म्हणून समोर हजर असेल तर क्रियेला कर्ता करायची गरज नसते. हे मुलांना कुणी सांगत नाही.

दुसरं: ‘आर’ काढून ‘इज’. आता हे वाक्य क्रियेबद्दलच आहे, म्हणून आयएनजी पुढे योग्य.

तिसऱ्यात ‘गिव्ह’ मोकळं पडलं होतं. ‘गिव्हिंग वॉटर डेली इज नेसेसरी’ चालेल, पण ‘नेसेसरी’, ‘ईझी’, ‘डिफिकल्ट’ यांच्या सोबतीला ‘इट’चं वाक्य कानाला गोड लागतं: ‘इट इज नेसेसरी टू वॉटर देम डेली’. ‘पाणी देणं’ला इंग्रजीत नुसतं ‘वॉटर’ हेच क्रियापद पुरतं.

चौथ्याला हात लावला नाही. हेतूचा टू, स्वल्पविराम, नवा कर्ता, सगळं जागेवर आहे. गंमत म्हणजे त्याला याच वाक्याची सर्वांत जास्त धास्ती होती.

पाचवं: ‘डूइंग हेल्प टू’ जाऊन ‘हेल्पिंग माय फादर’. ‘हॉबी’ हा शब्दही बदलला, कारण पहाटे उठून वडिलांबरोबर शेतात जाणं हा छंद नव्हे. ‘हेल्पिंग माय फादर मेक्स मी हॅपी.’

सहावं मी तसंच ठेवलं. शेत सोडलेलं नाही, फक्त मनात आलं आहे, आणि पुढे ‘वुड’ आहे. इथे टू पुढे असणं योग्य आहे, आणि त्याने ते न शिकवता लिहिलं होतं.

‘सीइंग इज बिलीव्हिंग’चं ‘टू सी इज बिलीव्हिंग’ चालेल का?

नाही. ‘इज’च्या दोन्ही बाजूंना क्रिया असतील तर दोन्ही एकाच रूपात ठेवा: ‘सीइंग इज बिलीव्हिंग’ किंवा ‘टू सी इज टू बिलीव्ह’.

परीक्षेत ‘जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असं आलं तर?

समजा वाक्य आहे ‘इट इज डेंजरस टू क्रॉस द तापी इन फ्लड’. ‘इट’ काढा. टू काढून ‘क्रॉस’ला आयएनजी लावा. मग त्याच्या मागचं सगळं शेपूट त्याच्यासकट उचलून पुढे आणा आणि शेवटी ‘इज डेंजरस’ ठेवा: ‘क्रॉसिंग द तापी इन फ्लड इज डेंजरस’.

मार्क जातात ते शेपटामुळे. मुलं ‘क्रॉसिंग द तापी इज डेंजरस इन फ्लड’ लिहितात. अर्थ फारसा बदलत नाही, पण गठ्ठा फुटतो. ‘इन फ्लड’ हे ओलांडण्याला चिकटलेलं आहे, एस.टी. स्टँडवरच्या फलकात ‘हिअर’ जसं ‘स्मोकिंग’ला चिकटलेलं आहे तसंच. म्हणून ‘इज’ लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि बघा, मूळ वाक्यात ‘टू’च्या मागे जे जे होतं ते सगळं पुढे आलं का.